अनुभव धागा: दुकानातल्या दुपारी, पटावरचा डाव आणि न बोलावता आलेला प्रतिस्पर्धी

घाटपायथा

बारा वाजून गेले की गावातल्या दुकानांना काही काम उरत नाही. सकाळचं गिऱ्हाईक झालेलं असतं, संध्याकाळचं यायचं असतं. अशा वेळी काही दुकानदार पेंगतात, काही पेपर पाठ करतात आणि काहींकडे ओट्यावर एखादा पट मांडलेला असतो. किराणावाले, सलूनवाले, गिरणीवाले, शिंपी, सायकलवाले... अशा दुकानदाराकडे तुम्ही खेळ शिकला असाल किंवा त्याला कुणी हरवताना पाहिलं असेल, तर इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून.

माझ्या काकांचं भोर-महाड रस्त्यावरच्या एका गावात किराणा दुकान होतं. पुढे वरंधा घाट लागतो. एसटी दुपारी एकदा जायची ती गेली की पुढची येईपर्यंत रस्ता ओस. दुकानाच्या पायरीला शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर काकांनी खिळ्याने नवकंकरीचा पट कोरून घेतला होता. एकात एक तीन चौकोन, आणि चारही बाजूंच्या मध्यांना जोडणाऱ्या चार रेषा. प्रत्येकाला नऊ खडे. काकांचे चिंचोके, समोरच्याचे वाल.

शिकवायची त्यांना भारी हौस. साखर बांधून होईपर्यंत गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बसा हो, एक डाव." आधी दोघांनी एकेक करून नऊ खडे मांडायचे. सगळे मांडून झाले की रेषेवरून शेजारच्या रिकाम्या घरात एकेक घर सरकायचं. तीन खडे एका रेषेत आले की रांग, आणि रांग लागली की समोरच्याचा एक खडा उचलायचा. त्याच्या लागलेल्या रांगेतला मात्र उचलायचा नाही, बाहेर दुसरा असेल तोवर. ज्याचे दोनच खडे उरले तो हरला, कारण दोन खड्यांची रांग होत नाही.

काकांचा हुकमी डाव म्हणजे झोपाळा. बाहेरच्या चौकोनाची वरची बाजू घ्यायची, तीनही खडे आपले. त्याच्या खालच्या, म्हणजे मधल्या चौकोनाच्या वरच्या बाजूचे दोन्ही कोपरेही आपले आणि मधलं घर रिकामं. आता बाहेरच्या रांगेतला मधला खडा एक घर खाली घेतला की खालची रांग लागते. पुढच्या चालीला तो परत वर घेतला की वरची लागते. खाली-वर, खाली-वर, आणि दर चालीला समोरच्याचा एक खडा गुल. एकदा झोपाळा बसला की काका चहा मागवायचे, कारण पुढे डोकं लावायचं काम नसायचं.

पोस्टमन, शाळेतले गुरुजी, एसटीचे कंडक्टर, सगळे त्यांच्याकडे शिकले आणि सगळे त्यांच्याशी हरले.

दिवाळी झाली की त्या रस्त्याने धनगरांचे वाडे कोकणात उतरतात. फलटणकडची, माणकडची माणसं. बाप्ये मेंढरं घेऊन रानारानाने पुढे, आणि बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून मुक्कामाच्या जागी. बाजारहाट बायकांकडे. अशाच एका दुपारी एक म्हातारी दुकानात आली. मीठ, चहाची भुकटी, गूळ आणि तंबाखू घेतली. काकांनी पुड्या बांधता बांधता सवयीने म्हटलं, "मावशी, बसा, एक खेळ शिकवतो."

ती फरशीकडे बघून म्हणाली, "ह्यो? ह्यो काय शिकायचा आसतोय व्हय?"

तिने चिंचोके घेतले नाहीत आणि वालही नाहीत. रस्त्याच्या कडेचे खडे वेचून आणले. "आमच्यात येकाचं खडं आन् येकाच्या लेंड्या," असं म्हणाली तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खायच्या मालाचं दुकान!

काकांनी मांडतानाच बाहेरच्या चौकोनाची वरची बाजू धरली, रांग लावली, तिचा खडा उचलला. पुढे आणखी एक उचलला. मांडून झालं तेव्हा काकांचे नऊ, तिचे सात. चहा मागवायची वेळ जवळ आली होती. पण झोपाळ्याला लागणारं ते मधल्या चौकोनातलं घर, जिथे चार वाटा मिळतात, ते तिने कधीच अडवून ठेवलं होतं. तशी चौरस्त्याची चार घरं पटावर आहेत आणि त्यातली तीन तिच्याकडे होती. त्या चौरस्त्यांवरून ती हळूहळू बाहेर सरकत गेली. काकांना रांग लागेना आणि हलताना एकेक खडा जाऊ लागला. चार गेले.

शेवटची चाल मला अजून मांडून दाखवता येते. काकांकडे पाच खडे, तिच्याकडे सात. बाहेरच्या चौकोनाचे चारही कोपरे काकांचे आणि त्याच चौकोनाच्या चारही बाजूंची मधली घरं तिची. म्हणजे कोपऱ्यातला एकही खडा हलू शकत नाही. काकांचा पाचवा खडा मधल्या चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. त्याच्या डाव्या हाताला तिचा खडा, आणि खालचं घर, उजव्या बाजूचा चौरस्ता, रिकामं. त्या चौरस्त्याच्या बाहेरच्या अंगाला तिचा एक, आतल्या अंगाला एक आणि खालच्या कोपऱ्यात एक टपलेला. तो एक घर वर आला की तिची आडवी रांग लागणार. काका ओरडले, "हां! दिसलं मला!" आणि आपला खडा चौरस्त्यावर आणून त्यांनी रांग अडवली.

तिने रांगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकांनी नुकताच सोडलेला कोपरा शेजारच्या खड्याने भरून टाकला. झालं. चौरस्त्यावरच्या खड्याला चारही बाजूंनी तिचे खडे, कोपऱ्यातले चार आधीच कोंडलेले. काकांचे पाच खडे पटावर आणि एकालाही पाय उचलायला जागा नाही.

काका म्हणाले, "चाल नाही तर बरोबरी." ती म्हणाली, "बरुबरी कशी? मेंढरं वाघरंत कोंडली, डाव सपला." आणि गूळ जरा मऊ आहे म्हणून बदलून मागितला.

तेव्हा मी चौथीत होते. पुढचं नंतर लिहिते. आधी तुमचे अनुभव येऊ देत.

पिठाची गिरणी

छान लिहिलंय, पण एक दुरुस्ती. तुमच्या काकांच्या पटात कोपऱ्यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषा राहून गेल्यात. आमच्याकडे (जालना) तिरप्या रेषा असतातच आणि तिरपी रांगही धरतात. त्याशिवाय खरी नवकंकरी होतच नाही. तिरप्या असत्या तर म्हातारीला कोपरे असे कोंडताच आले नसते.

गणिताचा मास्तर (निवृत्त)

गिरणीवाले, शेवटचं वाक्य बरोबर आहे, आधीचं नाही. तिरप्या रेषांचा पट वेगळा आणि त्यावर सहसा बारा-बारा खडे घेऊन खेळतात. त्यात एक गंमत आहे. पटावर घरं चोवीस आणि खडेही चोवीस. मांडताना कुणीच कुणाचा खडा उचलला नाही तर सगळी घरं भरतात आणि हलायलाच जागा राहत नाही. नऊ खड्यांच्या खेळात सहा घरं तरी मोकळी राहतात आणि खरा डाव त्या सहा घरांवर चालतो.

आता म्हातारीने काय केलं ते सांगतो, कारण शाळेत दुपारच्या सुट्टीत मी हे मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो. पटावर एकूण सोळा रांगा होतात. कुठलंही घर घ्या, कोपरा घ्या, मध्य घ्या, ते बरोबर दोन रांगांत येतं. त्यामुळे जो फक्त रांगा बघतो त्याला सगळी घरं सारखीच वाटतात, आणि कोपरा जरा सुरक्षित वाटतो. पण चालीच्या हिशेबाने घरं सारखी नाहीत. बारा कोपऱ्यांना दोनच वाटा आहेत. आठ घरांना तीन. आणि चारच घरं अशी आहेत की ज्यांना चार वाटा. काका रांगा मोजत होते, म्हातारी वाटा मोजत होती.

म्हणून मांडतानाच पहिली रांग लावायची घाई महागात पडते. रांग लावून एक खडा मिळतो, पण आपले तीन खडे एका कडेला अडकतात. मुलांना मी सांगायचो की मांडणी संपेपर्यंत चौरस्त्यांतले निदान दोन तरी आपल्याकडे हवेत, आणि आपले खडे एका बाजूला गोळा झालेले नकोत. डाव बिघडतोय हे ओळखायची खूण सोपी आहे. आपली पाळी आली की आपल्या किती खड्यांना चाल आहे ते मोजावं. खडे सहा आणि हलणारे दोनच, असं झालं की समजावं, आता उचलेगिरीचा विचार सोडून आधी वाट मोकळी करायची.

आणि हो, चाल नसेल तर हारच. बुद्धिबळात असं झालं की बरोबरी धरतात, काका तिथे गोंधळले असावेत.

कोथरूडची सून

प्रतिस्पर्ध्याचं म्हणाल तर आमच्या सासऱ्यांच्या दुकानासमोर तीन वर्षांपूर्वी मोठा मॉल आला. पहिल्या महिन्यात तेल-साखरेचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मग त्यांनी घरपोच देणं सुरू केलं, दळण आणून देणं सुरू केलं, आता बरं चाललंय. दुपारी दुकान बंद ठेवायचं नाही एवढं मात्र खरं. तुमच्या काकांनी पुढे काय केलं?

घाटपायथा

कोथरूडची सून, धागा जरा वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांचा आहे, पण घरपोच दळणाची कल्पना आवडली. :) काकांसमोर मॉल नाही आला, त्यांचं दुकान रस्ता रुंदीकरणात मागे सरकलं तेवढंच.

कृष्णाकाठ

सांगलीचा आहे, म्हणजे बुद्धिबळ आलंच. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात सलूनमध्येही पट असायचा. आमच्या गल्लीतले सलूनवाले आण्णा देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. राजाला शह बसला नसेल तोवर एकदा घोड्यासारखी उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं मिळणार. म्हणजे हत्तीच्या घरात पोचलात तर हत्ती, उगाच वजीर मागायचा नाही. दाढीला बसलेल्या माणसाला आण्णा गालावर फेस लावून ठेवायचे आणि बाकावरच्या माणसाला चाल सांगून यायचे. फेस वाळायचा.

त्यांना हरवलं ते एका बँकेत बदलून आलेल्या बाईंच्या मुलीने. आठवी-नववीतली असेल. ती भावाला केस कापायला घेऊन आली होती. आण्णांनी कौतुकाने पटावर बसवली. ती पुस्तकी नियमाने शिकलेली, आण्णा देशी. नियम कुठले यावरच भावाचे केस अर्धे कापून थांबले. शेवटी ठरलं, एक डाव तिच्या नियमाने, एक आण्णांच्या. तिचा डाव ती जिंकली, त्यात नवल नाही. पण आण्णांच्या नियमांचा डावही तिने घेतला. शह बसायच्या आधी राजाची उडी वापरून टाकायची हे तिला पहिल्यांदा ऐकूनच कळलं. आण्णांनी मात्र ती उडी चांगल्या वेळेसाठी राखून ठेवली होती. तिने साधा एक शह दिला आणि उडी गेली.

नंतर आण्णा म्हणायचे, "उडी मारून घ्या रे आधी." हे सगळ्या बाबतीत म्हणायचे, लग्नाच्या बाबतीतही.

म्युनिकचा मुक्काम

घाटपायथा, हा खेळ इथे जर्मनीत घरोघरी आहे. म्यूले म्हणतात. दुकानात मिळणाऱ्या पटाच्या एका बाजूला चौसष्ट घरं आणि पाठीमागे हा पट, असा जोड मिळतो. मी कोल्हापुरात आजीकडे शिकलो होतो, त्यामुळे इथे पहिल्यांदा पट उलटा केला तेव्हा ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

पण तुमच्या गोष्टीत एक नियम आला नाही. इथे तीन खडे उरले की त्या खेळाडूला उडता येतं. रेषा, शेजार काही नाही, कुठल्याही रिकाम्या घरात. आमच्या आजीकडे हा नियम नव्हता, तीन उरले की तिच्या भाषेत "आता रडत खेळा". तुमच्या काकांकडे होता का? कारण त्याने शेवटचा खेळ पूर्ण बदलतो. उडणाऱ्याला कोंडता येत नाही. त्यामुळे इथले चांगले खेळाडू समोरच्याला चारवरून तीनवर आणताना दहादा विचार करतात. आपण खडा मारतो खरा, पण त्याला पंख देतो.

माझी बायको मला उडू देते आणि मग हरवते, तो भाग वेगळा.

गणिताचा मास्तर (निवृत्त)

म्युनिककर, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. पाच खडे असताना कोंडून मारणं हा उडण्याच्या नियमावरचा उतारा आहे. त्यावरून वाटतं की म्हातारी उडण्याच्या नियमाने खेळणारी होती. नाहीतर तिला काय घाई होती? आरामात एकेक उचलत गेली असती.

जाता जाता, ज्यूरिकच्या ईटीएच विद्यापीठात राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये संगणकावर हा खेळ शेवटपर्यंत सोडवला. दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे पहिला मांडणाऱ्याला हमखास जिंकण्याची वाट नाही. कुणीतरी हरतं ते कुठेतरी चुकल्यामुळेच.

पिठाची गिरणी

संगणकाने तिरप्या रेषा धरल्या होत्या का?

गणिताचा मास्तर (निवृत्त)

नाही हो.

वाड्यावरचा

मी धनगर. आजा-आजी वाड्याबरोबर फिरले, वडलांनी फिरणं सोडलं, मी पुण्यात नोकरी करतो. बरंच बरोबर लिहिलंय, दोन-चार गोष्टी भर घालतो.

खेळ बायकांचा जास्त होता. मुक्कामाला बायका आधी पोचतात, घोडी सोडतात, चूल मांडतात, आणि मग मेंढरं येईपर्यंत वेळ असतो. जमिनीवर काठीने पट ओढायचा. लेंड्या सुकलेल्या असतात हो, गोल, टणक. किळस वाटायचं काही नाही त्यात. तुमच्या काकांना सांगा. पावसाची चिन्हं असली तर मात्र दोन्हीकडून खडेच, एक काळे आणि एक पांढरे, कारण ओली लेंडी उचलायची नाही एवढं आम्हालाही कळतं.

कोंडून मारणं हीच आमच्याकडे जास्त इज्जतीची जीत. आजी म्हणायची, एकेक उचलून तर कुणीबी मारतंय. त्यामुळे मास्तर, तुमचा उडण्याचा अंदाज मला पटत नाही. उडायचा नियम होता की नव्हता ते सोडा, कोंडणं हाच मुळात खेळ होता. तीनवर आणून मारलं तर समोरची हसायची.

एक शंका. घाटपायथा, तुम्ही फलटणकडची, माणकडची माणसं म्हटलंत. वरंध्याने उतरणारे वाडे वेगवेगळे. म्हातारीने कपाळाला काय लावलं होतं, घोडी कुठल्या रंगाची होती, काही आठवतं का? आमची आजीही त्याच वाटेने जायची.

घाटपायथा

वाड्यावरचा, घोडी आठवत नाही हो. म्हातारीच्या हातात चांदीचे जाड गोठ होते आणि डाव संपल्यावर ती काकांना "सावकार" सोडून "लेकरा" म्हणायला लागली, एवढं आठवतं. तेवढ्यावरून काही सांगता येणार नाही.

म्युनिककर, काका उडू द्यायचे. पण म्हातारीचा नियम काय होता ते कुणालाच कळलं नाही, कारण तिने काकांना कधी तीनवर येऊच दिलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

तर पुढचं. ती गेल्यावर काकांनी शिकवायची पद्धतच बदलली. गिऱ्हाइकांना आधी झोपाळा दाखवायचे ते बंद. गुरुजींना बसवून स्वतः सात खडे घ्यायचे, त्यांना नऊ द्यायचे, आणि कोंडायचा प्रयत्न करायचे. बरेच दिवस जमलं नाही. कोंडायला गेलं की आपलाच एखादा खडा मोकळ्या घरासाठी सोडावा लागतो आणि त्या फटीतून गुरुजी निसटायचे. मग काकांना कळलं की पूर्ण पटावर कोंडायचं नसतं. आधी समोरच्याला रांगेचं आमिष दाखवून एका कडेला न्यायचं, दोन-तीन खडे कोपऱ्यात जाऊ द्यायचे, आणि राहिलेल्या एक-दोन मोकळ्या खड्यांचाच पाठलाग करायचा. तिने त्यांना मांडतानाच दोन खडे मारू दिले होते, ते का, हे त्यांना पार संक्रांतीला उमगलं. माझ्या चुलतभावाने सांगितलं की काका मध्यरात्री उठून काकूला म्हणाले, "तिनं दिले होते गं ते दोन." काकूला वाटलं उधारीचं काहीतरी.

वाडे ज्येष्ठात पाऊस पडायच्या आधी परत वर येतात. ती आली. मी तेव्हा गावी नव्हते, हे सगळं चुलतभावाकडून. काकांनी पैज लावायची म्हणून अर्धा किलो साखर मांडली. ती म्हणाली, "पैज नगं. हरलास तर पुढच्या टायमाला वजनात मारशील." ओट्यावरचे सगळे हसले, काका सोडून.

या वेळी दोन चौरस्ते काकांकडे, दोन तिच्याकडे. मांडणीत कुणी कुणाचा खडा उचलला नाही. डाव लांबत गेला. दोघांचे सात-सात खडे असताना तिचा नातू बोलवायला आला, घोडी लादून झाली होती. काकांनी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पट काढला, आपले खडे फुलीने आणि तिचे गोलाने दाखवले, आणि म्हणाले की दिवाळीनंतर इथूनच पुढे. तिने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. पटाकडे एकदा बघितलं आणि गेली.

दिवाळीनंतर ती आली. तेव्हा मी होते. काकांनी वही काढून फरशीवर खडे मांडले. ती बसली, बघितलं आणि म्हणाली, "ह्यो खडा हितं नव्हता." आतल्या चौकोनाच्या खालच्या बाजूचा तिचा एक खडा. काकांच्या वहीत तो कोपऱ्यात होता, तिच्या मते तो शेजारी, मधल्या घरात. कोपऱ्याला दोन वाटा, त्या घराला तीन. फरक मोठा होता.

काका म्हणाले, वहीत आहे. ती म्हणाली, वही तुझी. गुरुजींना साक्षीला बोलावलं, त्यांना आठवेना. कंडक्टरला आठवत होतं, पण तो त्या दिवशी नव्हताच असं निघालं. शेवटी काका चिडून म्हणाले, ठीक आहे, तुमचं खरं, तिथून खेळू.

हरले. या वेळी सहा खडे असताना कोंडले गेले. या वेळची शेवटची चाल मला नीट आठवत नाही, पण ज्या खड्यावरून भांडण झालं होतं त्यानेच शेवटची फट बुजवली हे नक्की.

काका अजूनही म्हणतात की वही बरोबर होती.

कृष्णाकाठ

वहीतली मांडणी आहे का अजून? इथे टाका ना. मास्तरांना बसवू.

घाटपायथा

वही आहे, काकूने रद्दीत दिली नाही. उधारी अजून येणं आहे म्हणून. दिवाळीत गावी गेले की पान बघून लिहिते.

गणिताचा मास्तर (निवृत्त)

दोन्ही मांडण्या लिहा, वहीतली आणि आजींची. आणि पाळी कुणाची होती तेही. सात-सात खड्यांत एका घराच्या फरकाने बरोबरीचा डाव हारीचा होऊ शकतो, पण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी कुणाची बाजू घेणार नाही.

वाड्यावरचा

मी बघायच्या आधीच घेतो. कुठल्या रानात किती मेंढरं बसवली आणि कुणाचं काय देणं आहे, हे आजी बिनवहीचं सांगायची. काका चुकले असणार.

म्युनिकचा मुक्काम

रद्दीचा मुद्दा बाजूला ठेवून विचारतो, काका दुसऱ्यांदा सहा खड्यांवर कोंडले गेले, म्हणजे वहीतल्या मांडणीनंतर एकच खडा गमावला होता. एवढे खडे असताना कोंडलं जाणं मी इथे कधी पाहिलेलं नाही. आजींचे किती उरले होते?

घाटपायथा

आजींचे सातच्या सात. चुलतभावाला विचारलं, तोही तेच म्हणतो.

पिठाची गिरणी

तिरप्या रेषा असत्या तर वाचले असते. मी दिवाळीत भोरला येतोय साडूकडे. फरशी अजून आहे का? पत्ता कळवा, एक डाव काकांशी आमच्या पटावर.

घाटपायथा

फरशी आहे, दुकान मागे सरकलं तेव्हा काकांनी ती उचलून नव्या पायरीला बसवली. या. पण पटावर तिरपी रेघ ओढायची नाही, काकांनी आत्ताच फोनवर बजावलंय. आणि त्यांनी विचारलंय, तुम्ही वाल आणणार की खडे?